'ब्रेक अ लेग'ला मराठीत काय म्हणायचं?

'एका इंग्रजी एकांकिकेचं मराठी आणि हिंदी भाषांतर करते आहे. पडदा उघडण्याआधी मैत्रीण नायिकेला "ब्रेक अ लेग" म्हणते. दोन्ही भाषांत काय लिहू?'

पाय मात्र मोडू नका. 'तंगडी मोडीन' ही आपल्याकडे धमकी आहे. हिंदीत 'टाँग तोड़ दूँगा' तशीच, शिवाय 'अंग्रेज़ी की टाँग तोड़ना' म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी बोलणं. शब्दशः भाषांतर केलंत तर मैत्रीण भांडायला आली आहे असंच प्रेक्षकाला वाटेल.

मूळ इंग्रजी वाक्प्रयोग ही शुभेच्छाच आहे, आणि त्यामागची समजूत अशी, की चांगलं उघड बोललं की ते फिसकटतं, म्हणून वाईट बोलायचं. १९२१ साली आयरिश निबंधकार रॉबर्ट लिंड यांनी घोड्यांच्या शर्यतीतल्या लोकांबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं: तिथे शुभेच्छा देणं अशुभ, त्यापेक्षा 'तुझा पाय मोडो' म्हणावं. जर्मन लोक तर मान आणि पाय दोन्ही मोडायला सांगतात.

आपली जीभ बरोबर उलटी वळते. वाईट घडलं तरी शब्द शुभ हवा, म्हणून फुटलेली बांगडी 'वाढवली', निघताना 'जातो' नाही, 'येतो'. हिंदीतही दुकान बंद करत नाहीत, 'बढ़ाते' हैं. नजरेची भीती आपल्यालाही आहेच, पण तिच्यावरचा उतारा बहुधा कृतीत असतो. गालावर तीट लावतो, कानशिलावर कडाकडा बोटं मोडतो. (गंमत पाहा, कुणाच्या 'नावानं' बोटं मोडली की तोच शिव्याशाप होतो.) वाईट शब्दानं राखण करायची रीत मला दगडू, धोंडू अशा नावांतच दिसते. रंगमंचावर ती नाही. तिथे नटराजपूजन होतं, नारळ वाढवतात.

म्हणून मराठीत 'रंगू दे आज प्रयोग!' लिहा. प्रयोग 'रंगतो' किंवा 'पडतो', ही नाटकवाल्यांचीच भाषा. पात्रं कॉलेजातली असतील तर 'फोडून टाक आज!' जास्त जिवंत वाटेल, आणि मूळ वाक्यातली मोडतोडही थोडी उरेल. हिंदीत 'आज छा जाना!' किंवा 'रंग जमा देना!'. ज्येष्ठ नटाला म्हणायचं असेल तर 'छा जाइए' थोडं सलगीचं होतं, 'आज का शो शानदार हो' बरं.

अडचण एकाच ठिकाणी येईल: पुढे नायिकेचा पाय खरोखरच मुरगळणार असेल आणि विनोद त्यावर बेतलेला असेल, तर 'रंगू दे'नं तो मरतो. तिथे मैत्रिणीच्या तोंडी इंग्रजी शब्द तसेच ठेवा आणि विंगेतल्या कुणा वडीलधाऱ्या बाईला ते कळू द्या:

'ब्रेक अ लेग!'
'म्हणजे पाय मोड? अगं, शुभ बोल नाऱ्या!'

'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली' ही म्हण प्रेक्षकाला पाठ असते, त्यामुळे नंतर पाय मुरगळला की हशा आपोआप येईल. हिंदीत त्याच जागी 'शुभ-शुभ बोलो!' चपखल बसतं.