टीप रिफ्रेशच्या तारखेची, पण आलेख तुटतो दुसऱ्याच तारखेला

प्रश्न: पॉवर बीआयमध्ये सरासरी डिलिव्हरी दिवस मोजायची पद्धत बदलली आहे. डॅशबोर्डच्या तळाशी 'अमुक रिफ्रेशपासून नवी पद्धत' अशी टीप टाकायला साहेबांनी सांगितलंय. एक ओळ पुरे का, की अजून काय लिहावं?

उत्तर:

एक ओळ पुरते. फक्त त्या ओळीत रिफ्रेशची तारीख एकटी टाकू नका, कारण वाचणारा ती तारीख आलेखावर शोधायला जातो आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही. मी हे स्वतः करून बसलोय, तेव्हा आधी तेच सांगतो.

आमच्या कंपनीत ऑर्डर आल्यापासून माल पोचेपर्यंतचे दिवस मोजायचो, कॅलेंडरप्रमाणे. शनिवारी १४ जूनला ऑर्डर आली आणि मंगळवारी १७ ला माल पोचला, की ३ दिवस. गोदाम रविवारी बंद असतं, मग तो दिवस आमच्या माथी का, अशी डेपोवाल्यांची जुनी तक्रार होती. शेवटी ठरलं की रविवार आणि जाहीर सुट्ट्या वगळायच्या. म्हणजे तीच ऑर्डर आता २ दिवसांची. बदल मी डेटाबेसमधल्या व्ह्यूमध्ये केला. सोमवारी ४ ऑगस्टला पहाटे २ वाजता ठरलेला रिफ्रेश झाला. तळाशी मी लिहिलं, '४ ऑगस्टच्या रिफ्रेशपासून दिवस मोजण्याची पद्धत बदलली आहे.' खरं होतं, अक्षर न् अक्षर.

पंधरवड्याने आढावा बैठक झाली. पडद्यावर एप्रिल ३.४, मे २.९, जून २.८, जुलै २.९. विक्रीच्या साहेबांनी मेपासून सुधारणा झाली म्हणून डेपोवाल्यांचं कौतुक केलं. कोणीतरी विचारलं, पद्धत बदलली होती ना? साहेबांनी टीप वाचून दाखवली: ती तर ४ ऑगस्टपासून, आणि उतार मेमध्येच आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या टिपेचा तोच अर्थ निघत होता.

घरी येऊन मे महिना जुन्या पद्धतीने मोजला, तर ३.५ आला. म्हणजे एप्रिलपेक्षा मेमध्ये माल थोडा उशिराच पोचला होता. जी सुधारणा दिसत होती ती सगळी रविवारांची आणि १ मेच्या सुट्टीची.

आता हे मेमध्ये का तुटलं? आमच्या टेबलावर इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावलेला होता: तीन वर्षांचा डेटा साठवायचा आणि दर रिफ्रेशला फक्त अलीकडचे महिने नव्याने आणायचे. त्या दिवशी ही खिडकी १ मेपासून सुरू होत होती. त्यामुळे मेपासूनचे पार्टिशन, म्हणजे टेबलाचे महिन्याचे तुकडे, नव्या व्ह्यूमधून भरले गेले आणि एप्रिलपर्यंतच्यांना कोणी हातच लावला नाही, त्यात जुनेच आकडे राहिले. पुढे खिडकी सरकत गेली तरी ही सीमा हलत नाही. मे खिडकीबाहेर पडतो तो नव्या पद्धतीचे आकडे घेऊनच, आणि एप्रिल जुन्या पद्धतीतच राहतो. कायमचा. हे स्वतः तपासायचं असेल तर (वर्कस्पेस प्रीमियम किंवा फॅब्रिकवरचा असायला हवा) एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ, म्हणजे एसएसएमएस, यातून मॉडेलला जोडा आणि त्या टेबलाचे पार्टिशन उघडा. प्रत्येकासमोर शेवटचं प्रोसेसिंग कधी झालं ते दिसतं. जिथे ती तारीख तुमच्या बदलाच्या आधीची आहे, तिथपर्यंत जुनी पद्धत.

तुमच्याकडे बदल कुठे केला आहे, यावर टिपेतली तारीख ठरते. सूत्र मेजरमध्ये बदललं असेल तर रिफ्रेशचा काही संबंधच नाही: बदल मॉडेलवर गेल्याक्षणी साठवलेला सगळा इतिहास नव्या पद्धतीने दिसू लागतो, आणि 'अमुक रिफ्रेशपासून' हे शब्दच चुकीचे ठरतात. कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये बदललं असेल तर तो कॉलम पुढच्या वेळी सगळ्या ओळींसाठी पुन्हा मोजला जातो, तिथेही तुटण नाही. घोळ होतो तो बदल मॉडेलच्या मागे, म्हणजे व्ह्यूमध्ये असला आणि टेबल तुकड्यातुकड्याने भरत असलं तर.

आणखी एक बारीक गाठ. आमचे पार्टिशन ऑर्डरच्या तारखेवर होते आणि आलेख मात्र माल पोचल्याच्या महिन्यावर. मग २९ एप्रिलची ऑर्डर २ मेला पोचली तर ती आलेखात मेमध्ये दिसते, पण मोजलेली जुन्या पद्धतीने. म्हणजे मेचा तो २.९ सुद्धा निखळ नवा नव्हता, पहिल्या दोनचार दिवसांची भेसळ त्यात होती. म्हणून टिपेत नुसतं '१ मेपासून' न लिहिता कोणती तारीख ते लिहा: ऑर्डरची की पोचल्याची.

मग रिफ्रेशची तारीख टाकूच नये का? टाकायची, पण ती दुसऱ्या माणसासाठी असते. ज्याच्याकडे जुनी पीडीएफ किंवा एक्सेल आहे, त्याला कळायला हवं की आपला कागद कुठल्या बाजूचा. जुलैत काढलेल्या कागदावर जून महिना ३.३ आहे आणि आज पडद्यावर २.८, तर तो फोन करणारच. पडद्यावरचा आलेख बघणाऱ्याला हवी डेटामधली तारीख, कागद हातात असलेल्याला हवी रिफ्रेशची. दोघांना एकाच तारखेत बसवायला गेलो, तिथे माझं चुकलं.

शेवटी मी टीप अशी केली:

'ऑर्डर तारीख १ मे किंवा त्यानंतरची असल्यास रविवार व जाहीर सुट्ट्या वगळून दिवस मोजले आहेत. त्याआधीच्या ऑर्डर कॅलेंडर दिवसांत आहेत, दोन्हींची तुलना करू नये. (मे महिना जुन्या पद्धतीने ३.५, नव्याने २.९.) ४ ऑगस्ट, पहाटे २ (भारतीय वेळ) च्या आधी काढलेल्या प्रतींमध्ये सर्व महिने जुन्या पद्धतीचे आहेत.'

कंसातली ती जोडी मला सगळ्यात कामाची वाटते. एकच महिना दोन्ही पद्धतींनी मोजून शेजारी ठेवला की उतारातला किती भाग पद्धतीचा, हे कुणालाही कळतं. त्यासाठी एकदा जुनी क्वेरी चालवावी लागते. ती व्ह्यू बदलण्याआधीच जपून ठेवा, नंतर शोधाशोध होते.

'भारतीय वेळ' हे शब्दही उगाच नाहीत. आमच्या पानावर वर 'शेवटचा रिफ्रेश' असं कार्ड होतं आणि ते `DateTime.LocalNow()` वरून भरलेलं. माझ्या लॅपटॉपवर ते बरोबर वेळ दाखवायचं, पण सर्व्हिसवर गेलं की यूटीसी, म्हणजे साडेपाच तास मागे. पहाटे २ चा रिफ्रेश तिथे आदल्या दिवशी रात्री ८:३० चा दिसतो. टीप म्हणते ४ ऑगस्ट, कार्ड म्हणते ३ ऑगस्ट.

पुढे एका रात्री आम्ही सगळा इतिहासच नव्याने भरून घेतला. त्याच एसएसएमएसमधून, एक्सएमएलए एंडपॉइंटवरून, अशी आज्ञा देता येते:

```
{
  "refresh": {
    "type": "full",
    "applyRefreshPolicy": false,
    "objects": [
      { "database": "Delivery", "table": "Orders" }
    ]
  }
}
```

`applyRefreshPolicy` ला `false` दिलं की खिडकी बाजूला राहते आणि सगळे पार्टिशन भरले जातात. मूळ डेटाबेसमध्ये तीन वर्षांच्या ओळी अजून शाबूत आहेत ना, हे आधी बघा. जुन्या ओळी तिथून काढून टाकल्या असतील तर पार्टिशन रिकामा होईल आणि मॉडेलमधला इतिहासही जाईल. आमच्या होत्या. त्यानंतर आलेखातली तुटण गेली आणि टिपेची पहिली दोन वाक्यं जाऊन त्यांच्या जागी 'सर्व महिने नव्या पद्धतीने पुन्हा मोजले आहेत' असं आलं. शेवटचं वाक्य राहिलं, फक्त त्यात या नव्या भरणीची तारीख आली आणि 'सर्व महिने' च्या जागी 'काही किंवा सर्व महिने' झालं, कारण आता जुने सगळेच कागद पडद्याशी जुळेनासे झाले.

मागचं पुन्हा मोजायचं की नाही, यावर वाचणाऱ्याला काय दिसतं ते किती बदलतं, याची दोन उदाहरणं कोरोनाच्या काळातली आठवतात. १२ ऑगस्ट २०२० ला इंग्लंडमधल्या मृत्यूंची व्याख्या बदलली. आधी चाचणी कधीही पॉझिटिव्ह आलेली असली तरी मृत्यू मोजला जायचा, आता चाचणीनंतर २८ दिवसांच्या आत झाला तरच. मागचे सगळे दिवसही नव्याने मोजले, आणि ब्रिटनचा एकूण आकडा ४६,७०६ वरून ४१,३२९ वर आला. रेषा सलग राहिली, पण आदल्या दिवशीची बातमी कापून ठेवलेल्याला ५,३७७ माणसं कुठे गेली ते कळेना. चीनच्या हुबेईत त्याच वर्षी फेब्रुवारीत उलटं झालं. लक्षणं आणि स्कॅनवरून निदान झालेले रुग्णही धरायचं ठरलं आणि तुंबलेले सगळे १२ फेब्रुवारीच्या एकाच दिवसात टाकले: १४,८४० नवे रुग्ण, त्यातले १३,३३२ या नव्या व्याख्येतले. तो सुळका आलेखात अजून आहे आणि खालची टीप न वाचणाऱ्याला तो साथीचा उद्रेक वाटतो.

इतिहास पुन्हा भरता येत नसेल तर खालच्या टिपेवर विसंबू नका. रेषेच्या आलेखात एक्स अक्षावर एक उभी स्थिर रेघ टाका, १ मेवर, नाव 'नवी पद्धत'. अक्ष खऱ्या तारखांचा हवा, 'एप्रिल', 'मे' अशा मजकुराचा असेल तर तो पर्याय मिळत नाही. आलेखाच्या शीर्षकातही 'मेपासून कामाचे दिवस' इतकं येऊ द्या. एखाद्याने तो एकच आलेख उचलून दुसऱ्या डॅशबोर्डवर पिन केला, तर तळाचा टेक्स्ट बॉक्स सोबत जात नाही, शीर्षक जातं. डेटा एक्सेलमध्ये काढला तरी टीप मागेच राहते. आणि मोबाइल लेआउट वेगळा केला असेल तर तो बॉक्स तिथे हाताने ठेवावा लागतो. आमचे साहेब सगळं फोनवरच बघतात, त्यामुळे पहिले काही दिवस त्यांना टीप दिसतच नव्हती.

लक्ष्याची रेघही बघून घ्या. आमची ३ दिवसांवर होती, कॅलेंडरच्या हिशोबाने ठरवलेली. नव्या पद्धतीत ती तशीच राहिली आणि एका रात्रीत सगळे डेपो हिरवे झाले. ती किती करायची हे तुम्ही ठरवू नका, साहेबांना विचारा. ते ठरेपर्यंत टिपेत एवढं जोडा: 'लक्ष्य ३ दिवस हे जुन्या पद्धतीचे आहे.'