नाव बदलल्याने माणूस लपत नाही

प्रश्न: मी बेळगावात काउन्सिलिंगची प्रॅक्टिस सुरू करतेय. एमए सायकॉलॉजी आणि काउन्सिलिंगचा डिप्लोमा झालाय. प्रोफाइलमध्ये नावं बदलून दोन-तीन केसेस आणि क्लायंटचे अभिप्राय टाकले तर चालतील का? नाहीतर लोकांना माझं काम कळणार कसं?

केसेस टाकू नका. अभिप्राय तर मागूही नका. हे मी काउन्सिलर म्हणून सांगतेय, पण त्याआधी एका काउन्सिलरच्या प्रोफाइलमधली ‘केस’ म्हणून सांगतेय.

मी पॅनिक अटॅकसाठी बेळगावात एका सरांकडे जात होते. बसमध्ये बसलं की श्वास कोंडायचा, हातपाय बधिर व्हायचे, आता मरतेय असं वाटायचं. इमर्जन्सीत नेलं की ईसीजी नॉर्मल. सर कामात चांगले होते, ते नाकारत नाही. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं आणि तो पोस्टिंगवर. सासूबाईंना मी दातांच्या डॉक्टरांकडे जाते असं सांगितलं होतं.

बरी झाले, जाणं थांबलं. काही महिन्यांनी सरांनी आपलं माहितीपत्रक काढलं आणि ते व्हॉट्सॅपवर फिरलं. त्यात होतं: ‘सुनीता (नाव बदलले आहे), वय २९, सीमाभागातील एका गावातील सैनिकाची पत्नी, एमएस्सी, माहेर कोल्हापूर, सासरी किराणा दुकान. बसच्या भीतीने दोन वर्षे माहेरी गेली नव्हती. आज ती एकटी कोल्हापूरला जाते.’

शहापूरच्या नणंदेच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर ते आलं. तिचा फोन आला, “वैनी, हे तुमचंच की ओ!” तिला ओळखायला काही वेळ लागला नाही, आणि का लागावा? आपल्याकडे गावागावांत फौजी आहेत, तेवढ्यावरून कोणी सापडत नाही. पण फौजीची बायको, त्यात एमएस्सी, त्यात कोल्हापूरची, त्यात दुकानदाराच्या घरातली, असं एकेक लावत गेलं की पंचक्रोशीत एकच बाई उरते. नाव हा त्यातला सगळ्यात बिनकामाचा तपशील होता आणि सरांनी बदलला तेवढाच. अनोळखी माणसाला यातून काहीच कळलं नसतं. पण भीती अनोळखी माणसाची नसतेच. ज्याला आधीच निम्मं माहीत असतं, त्याला उरलेलं निम्मं हातात मिळतं.

बदनामी झाली असं म्हणून मी रडत नाही. चार दिवस दुकानात गिऱ्हाइकांनी सासऱ्यांना विचारलं, मग विसरले. खरं नुकसान वेगळंच झालं आणि ते सरांना आजही पटलेलं नाही. सासूबाईंनी काळजीपोटी मला एकटीला बसने पाठवणं बंद केलं. धाकट्या दिराला पाण्याची बाटली, लिंबू आणि गोळ्यांची पिशवी देऊन सोबत बसवायला लागल्या. पॅनिकमध्ये नेमकं हेच नको असतं. सोबत कुणी असलं की डोकं म्हणतं, ‘वाचलो, कारण तो होता’. एकटं राहूनही काही होत नाही, हा धडा मेंदूला मिळतच नाही. आमच्या भाषेत याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. सरांनी सीबीटी बसस्थानकावर उभ्या असलेल्या बसमध्ये नुसतं बसण्यापासून सुरुवात करून मला काकती, मग हत्तरगी, संकेश्वर, निपाणी असं एकेक थांबा पुढे नेलं होतं. ते सगळं त्यांच्याच कागदाने उलटं फिरवलं. मला पुन्हा काकतीपासून सुरुवात करावी लागली, तीही चोरून.

मी सरांना विचारायला गेले. ते म्हणाले, “अहो, तुम्ही फॉर्मवर सही केलीय की.” केली होती. पहिल्या दिवशी, धाप लागलेली असताना, नाव-पत्ता-फी या कागदात खाली एक ओळ होती: ‘माहितीचा उपयोग शैक्षणिक व प्रबोधनात्मक कारणासाठी केल्यास हरकत नाही.’ हिला मी संमती मानत नाही. ज्याच्याकडे जीव मुठीत धरून आलोय त्याला त्या क्षणी नाही कोण म्हणेल? संमती घ्यायचीच तर उपचार संपल्यावर, वेगळ्या कागदावर, छापायचा मजकूर शब्दन्‌शब्द वाचायला देऊन आणि ‘नाही म्हणालात तरी पुढे दार उघडं आहे’ असं सांगून घ्यायची. तेवढं करूनही फॉरवर्ड झालेला मजकूर परत घेता येत नाही. संमती मागे घेण्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून मी घेतच नाही.

सरांचा दुसरा मुद्दा असा, की गोष्ट वाचून दुसऱ्या चार जणी धीर करून आल्या. आल्या असतील. पण मला विचाराल तर त्या चौघींनी हेही वाचलं, की या माणसाकडे गेलं की आपली गोष्ट छापून येते. न आलेल्या बायका मोजायला सरांकडे वही नव्हती.

तुमच्या प्रश्नाकडे येते. काम दाखवायला क्लायंट लागत नाही, काम लागतं. तुम्ही काय करता ते लिहा, कुणावर केलं ते नको. माझ्या प्रोफाइलमध्ये पॅनिकबद्दल एवढंच आहे:

‘बसमध्ये, बाजारात, लग्नाच्या हॉलमध्ये अचानक छाती धडधडणं, श्वास कोंडणं, आता काही खरं नाही असं वाटणं, यावर मी काम करते. आधी डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइड तपासून या. पहिल्या एक-दोन भेटींत त्रास कधी, कुठे होतो आणि तो टाळण्यासाठी तुम्ही काय काय करता, हे आपण लिहून काढतो. मग ती धडधड इथेच, खोलीत, मुद्दाम आणून बघतो: जागच्या जागी धावून किंवा बारीक नळीतून श्वास घेऊन. तिला घाबरायचं कारण नाही हे अनुभवाने कळलं, की बाहेर पडतो आणि तुम्ही टाळत असलेल्या जागांची सोप्याकडून अवघडाकडे यादी करून एकेक ओलांडतो. साधारण १२ भेटींच्या आसपास लागतात, काहींना जास्त. गोळ्या मी देत नाही. लागतील असं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.’

हे वाचून ज्याला त्रास आहे तो म्हणतो, ‘अरे, हे माझंच’. गोष्टीतून सरांना जे साधायचं होतं ते एवढ्यात साधतं आणि यात कुणाची नणंद सापडत नाही. गोष्ट लिहायचा फारच मोह झाला तर पूर्ण काल्पनिक लिहा आणि पहिल्याच ओळीत ‘ही काल्पनिक आहे’ असं म्हणा. खऱ्या केसचं वय, गाव, धंदा फिरवून लिहिलेली ‘काल्पनिक’ चालणार नाही. ती क्लायंट स्वतःला ओळखतेच, आणि काउन्सिलर आपल्याला वापरतोय हे तिला कळतंच.

अभिप्रायांचं म्हणाल तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत उपचार चालू असलेल्या क्लायंटकडून ते मागू नयेत असा स्पष्ट नियम आहे. अमेरिकेचं सोडा, आपल्या गल्लीतलं बघा. गूगलवर अभिप्राय देणाऱ्याचं नाव, कधी फोटोही दिसतो. न मागता कुणी लिहिलाच तर ‘धन्यवाद, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे’ असं उत्तरही देऊ नका. तो माणूस तुमचा क्लायंट होता हे तुम्ही स्वतः जाहीर केलंत. वाईट अभिप्राय आला तर हात जास्तच शिवशिवतात. ‘तुम्ही तिसऱ्या भेटीनंतर आलाच नाहीत’ असं एका केंद्राने लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. मी सगळ्यांना एकच उत्तर ठेवलंय: ‘आमच्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही जाहीर सांगत नाही. तक्रार असल्यास केंद्राच्या नंबरवर बोला.’ कोरडं वाटतं. वाटू दे.

‘१००% गुप्तता’ असं तर मुळीच लिहू नका, ते खोटं आहे. माझ्या वेळी नव्हता, पण आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्याच्या कलम २३ ने गुप्ततेचा हक्क दिलाय आणि अपवादही सांगितलेत, जसे जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे अपवाद प्रोफाइलमध्येच साध्या भाषेत लिहा. मधेच कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणखी एक, बेळगावापुरतं. कोणत्या भाषेत बोलता ते लिहा: मराठी, कन्नड, हिंदी. पण मराठी माणूस मराठी काउन्सिलरकडेच येईल असं धरून चालू नका. काही जण मुद्दाम कन्नड बोलणाऱ्याकडे जातात, कारण तिथे मामेभावाची ओळख निघत नाही. इथे दोन वाक्यांत नातं निघतं. म्हणून माझ्या प्रोफाइलमध्ये ‘नात्यातल्या आणि जवळच्या ओळखीच्या व्यक्तींना मी घेत नाही, दुसऱ्यांचं नाव सुचवते’ अशी ओळ आहे. ‘बाजारात भेटलो तर मी आपण होऊन ओळख दाखवणार नाही, राग मानू नका’ अशीही आहे. या ओळीमुळे आले असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. सर या ओळीला हसले होते.

शिक्षणाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी नसेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहू नका. एमए आणि डिप्लोमा आहे तर तेच, संस्थेच्या नावासकट लिहा. कोणत्या त्रासावर काम करत नाही तेही लिहा.

आता कुणी म्हणेल, तुम्हीच इथे केस सांगितली की. सांगितली. ती माझी आहे, आणि नवऱ्याला आणि नणंदेला विचारून सांगितली. नणंद म्हणाली, “महिला मंडळाचं नाव तेवढं घालू नका.” घातलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुणाचीही गोष्ट या उत्तरात नाही, बदललेल्या नावानेही नाही.

हे सगळं काउन्सिलरच्या जाहीर प्रोफाइलबद्दल आहे. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्या अनुभवी काउन्सिलरपुढे, केस मांडणं वेगळं, ते करावंच लागतं, आणि करता हे क्लायंटला आधी सांगावं लागतं. शोधनिबंधात केस द्यायची तर एथिक्स कमिटीतून जावं लागतं. सर प्रत्येक वेळी याच दोन गोष्टी पुढे करून म्हणतात, “मग तिथे कसं चालतं?” तिथे वाचणारे मोजके असतात आणि त्यांच्यावर बंधन असतं, सर. किराणा दुकानातल्या गिऱ्हाइकांवर नसतं.