चॅनेलचा अॅक्सेस नक्की कोणाकोणाकडे आहे, कसं तपासायचं?

प्रश्न: आमच्या यूट्यूब चॅनेलचं एडिटिंग आधी एक मुलगा करायचा, तो दिवाळीत सोडून गेला. अॅक्सेस अजून कोणाकोणाकडे आहे आणि मधल्या काळात कोणी काही बदललं का, कसं बघायचं? Permissions मध्ये गेलं की नुसती Manage permissions ची लिंक दिसते, नावं दिसत नाहीत.

उत्तर:

नावांऐवजी लिंक दिसते, याचा अर्थ तुमचं चॅनेल ब्रँड अकाउंटवर आहे. आधी हे लक्षात घ्या, कारण यूट्यूबवर अॅक्सेस द्यायच्या दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि दोन्हींत मॅनेजर हा शब्द आहे, पण त्याचा अधिकार सारखा नाही. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

पहिली पद्धत ब्रँड अकाउंटची. त्यात Primary owner, Owner आणि Manager अशा पायऱ्या असतात. इथला मॅनेजर चॅनेल चालवू शकतो, पण नवीन माणूस जोडू शकत नाही. ते काम ओनरचं, आणि ओनर एकापेक्षा जास्त असू शकतात. दुसरी पद्धत स्टुडिओच्या आतल्या Permissions ची. त्यात ओनर एकच. त्याच्या खाली मॅनेजर, एडिटर, कमाई न दिसणारा मर्यादित एडिटर, फक्त सबटायटल करणारा आणि नुसतं बघणारा. इथला मॅनेजर मात्र दुसऱ्याला आत घेऊ शकतो, अगदी मॅनेजर म्हणूनसुद्धा. एडिटर व्हिडिओ चढवू शकतो, प्रसिद्ध करू शकतो, शीर्षक आणि वर्णन बदलू शकतो, पण प्रसिद्ध झालेला व्हिडिओ काढून टाकू शकत नाही आणि कोणाला आत घेऊ शकत नाही.

तर तुम्ही ती लिंक उघडा, किंवा कॉम्प्युटरवर थेट myaccount.google.com/brandaccounts वर जा, चॅनेलचं नाव निवडा आणि Manage permissions दाबा. गुगल पासवर्ड पुन्हा मागेल, मग यादी येईल. पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा. मग Primary owner कोण आहे ते बघा. मुलगा नुसता मॅनेजर किंवा ओनर असेल आणि तुम्ही ओनर असाल, तर त्याच्या नावापुढची फुली दाबून काम होतं.

पण Primary owner पुढे त्याचंच नाव निघालं तर फुली, पासवर्ड, रागावलेला मेसेज, यातलं काहीही करायच्या आधी त्याला फोन करा. असं बऱ्याच चॅनेलचं झालेलं असतं. सुरुवातीला "तूच बनव रे, तुला जमतं" म्हणून मुलाने स्वतःच्या जीमेलवरून चॅनेल उघडलेलं असतं. त्याच्याकडून तुमच्या जीमेलला ओनर करून घ्या. नवीन ओनरला Primary owner करण्याआधी किमान 7 दिवस जावे लागतात, म्हणून हे एका भेटीत उरकत नाही. दोन भेटी ठरवा, किंवा एक भेट आणि एक फोन. त्या सात दिवसांत त्याचं मन दुखावणारं काही बोलू नका. पैशांचा हिशोब राहिला असेल तर तो आधी चुकता करा. हे मी अगदी मनापासून सांगतोय. चॅनेल अडकल्याच्या ज्या गोष्टी माझ्याकडे आल्या, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा तीन-चार हजारांची थकबाकी होती.

आता मध्ये काही बदललं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यासाठी माझ्या साडूंच्या चॅनेलवर घडलेलं सांगतो. पिंपळगाव बसवंतला त्यांची द्राक्षबाग आहे. छाटणी, डाऊनी, भुरी, घड विरळणी यांवर ते व्हिडिओ टाकतात. त्यांचं चॅनेल दुसऱ्या पद्धतीचं, म्हणजे स्टुडिओत यादी दिसणारं. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन घाईत एका शेतकऱ्याचा त्यांना फोन आला, की तुमच्या व्हिडिओखाली ज्याचा नंबर आहे तो माणूस औषधाचे आगाऊ पैसे मागतोय. साडूंनी कधीच कोणाचा नंबर दिलेला नव्हता. बघितलं तर तीन जुन्या व्हिडिओंच्या वर्णनात तळाशी तोच एक अनोळखी नंबर. साडूंचा चेहरा उतरला होता. गावात लोक त्यांच्या शब्दावर फवारणी घेतात.

मी त्याच रात्री नाशिकहून गेलो. स्टुडिओत Settings, मग Permissions. यादीत पाच ओळी होत्या. ओनर म्हणून साडू. मॅनेजर म्हणून त्यांचा जुना एडिटर. मर्यादित एडिटर म्हणून भाचा. कमाई बघायला त्यांचे हिशोबनीस, नुसते बघणारे. आणि पाचवी ओळ, पुन्हा मॅनेजर, नावात चार आकडे असलेला एक जीमेल, जो घरात कोणालाच ओळखीचा नव्हता.

इथे एक सवय लावून घ्या. यादीतलं नाव वाचू नका, पूर्ण ईमेल पत्ता वाचा. गुगलवर नाव आणि फोटो कोणीही कसाही ठेवू शकतो. तो पाचवा माणूस चॅनेलचाच लोगो लावून बसला होता, म्हणून साडूंनी आधी दोनदा यादी बघूनही तो त्यांना आपलाच वाटला होता.

यादी आजची स्थिती दाखवते. कोण कधी आणि कोणाच्या हातून आत आलं, हे शोधायला निमंत्रणाचा ईमेल कामी येतो. कोणालाही जोडलं की त्याच्या मेलवर निमंत्रण जातं, ते त्याने स्वीकारलं तरच तो आत येतो. 30 दिवसांत स्वीकारलं नाही तर ते बाद होतं. साडूंनी तो पत्ता जोडला नव्हता, मग यादीत जोडण्याचा अधिकार असलेला दुसरा माणूस एकच उरत होता, जुना एडिटर. त्याला फोन केला. त्याने लपवलं नाही. म्हणाला, "काका, बहिणीच्या लग्नात मी आठ दिवस नव्हतो, तेव्हा मित्राला घेतलं होतं, काढायचं राहिलं." मित्राकडून निमंत्रणाच्या मेलचा स्क्रीनशॉट मागवला, तारीख 17 ऑगस्ट. वर्णनंही 15 ऑगस्टनंतरच बदललेली होती, कारण साडूंच्या फोनमध्ये त्या दिवशी काढलेला वर्णनाचा एक स्क्रीनशॉट निघाला, त्यात तळाशी नंबर नव्हता.

मित्राचं नाव काढताना जुना मॅनेजरही लगोलग काढला. एकट्या मित्राला काढलं असतं तर जुना मॅनेजर त्याला पुन्हा बोलवू शकला असता. त्याच्यावर माझा संशय नव्हता, पण पद्धत पाळलेली बरी. निमंत्रण पाठवलेलं पण न स्वीकारलेलं असेल तर तेही त्याच पानावर दिसतं, ते रद्द करायला विसरू नका.

यानंतर मला वाटलं काम झालं. तिसऱ्या दिवशी चौथ्या व्हिडिओत तोच नंबर आला.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडेही हीच शक्यता जास्त आहे. Permissions च्या यादीत फक्त ज्यांना रीतसर भूमिका दिली ते दिसतात. ज्याच्याकडे ओनरचा पासवर्ड आहे, किंवा ज्याच्या कॉम्प्युटरवर ओनरचं लॉगिन चालू राहिलंय, तो यादीत वेगळा दिसत नाही. त्याने केलेलं सगळं ओनरनेच केल्यासारखं होतं. साडूंच्या जीमेलने myaccount.google.com/device-activity उघडलं, तर त्यात त्यांचा फोन, घरचा लॅपटॉप आणि एक विंडोज कॉम्प्युटर निघाला, ठिकाण नाशिक. साडूंना एकदम आठवलं. पावसाळ्यात नेट बंद होतं म्हणून ते कॉलेज रोडला एडिटरच्या ऑफिसमध्ये बसून स्वतःच्या पासवर्डने व्हिडिओ चढवून आले होते. बाहेर पडताना लॉगआउट केलं नव्हतं. तो मित्र त्याच कॉम्प्युटरवर बसायचा.

त्या उपकरणावर क्लिक करून साइन आउट केलं, पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी लावली. मग दोन जागा आणखी बघितल्या. एक म्हणजे रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल. तिथे परका नंबर असेल तर नवा पासवर्डही टिकत नाही. दुसरी myaccount.google.com/connections, तिथे बाहेरच्या कोणत्या अॅपला यूट्यूबची परवानगी दिलीय ते कळतं. पोस्टची वेळ लावणारं एक जुनं अॅप तिथे होतं, ते एडिटरने जोडलेलं, तेही काढलं. त्यानंतर नंबर पुन्हा आला नाही.

खात्याच्या सुरक्षेतल्या हालचाली myaccount.google.com/notifications वर दिसतात, म्हणजे नवीन लॉगिन, पासवर्ड बदल, रिकव्हरी बदल असं. ती यादी शेवटच्या 28 दिवसांची असते. म्हणून मुलगा दिवाळीत गेला असेल आणि तुम्ही आज बघत असाल, तर त्याच्या जाण्याच्या आसपासचं तिथे कदाचित आता उरलेलं नसेल. पण आजही कोणी नव्याने लॉगिन करत असेल तर ते दिसेल. तुमच्या ब्रँड अकाउंटमध्ये ओनर एकापेक्षा जास्त असतील, तर हे प्रत्येक ओनरने आपापल्या जीमेलवर तपासायला हवं. एका ओनरचं खातं उघडं राहिलं तरी त्यातून चॅनेल उघडं राहतं.

सगळं निस्तरल्यावर स्टुडिओच्या त्याच Permissions पानावरून Primary owner ला चॅनेल दुसऱ्या पद्धतीत हलवता येतं. पुढच्या एडिटरला मी तर मर्यादित एडिटर ठेवीन: काम सगळं होतं, कमाई दिसत नाही, आणि तो स्वतःहून कोणाला आत घेऊ शकत नाही. साडूंनी आता मॅनेजर कोणालाच ठेवलेला नाही. दर महिन्याच्या 1 तारखेला भाचा Permissions च्या पानाचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, म्हणजे मागचा आणि आताचा शेजारी ठेवले की नवीन ओळ लगेच दिसते.

तुमच्या यादीत Primary owner कोण निघतं ते इथे कळवा, ईमेल न लिहिता फक्त नातं सांगा. मुलगाच असेल तर त्याच्याशी काय बोलायचं आणि सात दिवसांत काय करायचं ते मी पुढे लिहितो.