"नाईट कमी करा" असं लिहू नकोस, कुठल्या तीन नाईट ते लिही

"ताई, मी ३८ वर्षांचा, प्लांटमध्ये शिफ्टला आहे. वर्षभरापासून बीपी आहे, मागच्या महिन्यात डॉक्टरकडे १५६/९८ निघालं. रोस्टर असा की सलग सहा नाईट, एक सुट्टी, मग सहा सेकंड, एक सुट्टी, मग सहा मॉर्निंग, आणि परत नाईट. गोळी कधी सकाळी घेतो कधी झोपेत राहते. मॅनेजरला द्यायला लिहिलंय: 'सर, तब्येत ठीक नसते, बीपीचा त्रास आहे, कृपया नाईट कमी कराव्यात व चेकअपला सुट्टी मिळावी ही विनंती.' पण पाठवायला हात होत नाही. हा माणूस कामाचा नाही असा शिक्का बसेल का? — नाईटवाला"

अरे नाईटवाल्या, ते पत्र पाठवलं नाहीस ते बरंच झालं. तुझ्या मॅनेजरच्या जागी बसून वाच जरा. "तब्येत ठीक नसते" म्हणजे काय, रोज नसते का कधीकधी, "नाईट कमी" म्हणजे किती कमी, एक का सगळ्या, कधीपर्यंत, आणि त्या नाईटला मग उभं कोण राहणार? त्या एका वाक्यात त्याला पाच प्रश्न पडतात आणि उत्तर एकाचंही नाही, मग तो "बघू" म्हणतो आणि विषय संपतो. शिक्का बसायची भीती आहे ना तुला, तो बीपीमुळे नाही बसत, असल्या गोलगोल वाक्यामुळे बसतो.

मी स्वतः अकरा वर्षं फोनवर बसून नाईट केल्यात, त्यामुळे हे तोंड पोळून शिकलेय. माझ्या सुपरवायझरला मी तीन पानी मेल लिहिला होता, सगळे रिपोर्ट स्कॅन करून, ईसीजीसकट. उत्तर आलं, "टेक केअर." बस एवढंच. ईसीजी बघून तो बिचारा रोस्टर कसा बदलणार होता!

तर आधी वही. पंधरा दिवस तरी घरी बीपी माप, दंडावर बांधायचं मशीन घे, मनगटावरचं नको. सगळीकडे लिहिलेलं असतं "सकाळ-संध्याकाळ मापा", पण तुझी सकाळ कधी दुपारी तीनला होते त्याचं काय? तर घड्याळ सोड, उठल्यावर तासाभरात गोळीच्या आधी एकदा आणि झोपायच्या आधी एकदा, मग ती वेळ कुठलीही असो. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून बस, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीला टेकवलेला, पाच मिनिटं गप्प, मोबाईल पण बाजूला, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी-सिगारेट काही नाही. मग एक रीडिंग, मिनिटभर थांबून दुसरं, दोन्ही लिही. आणि पुढे एक रकाना हवाच: नाईट, सेकंड, मॉर्निंग की सुट्टी. पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत धरू नकोस, तेव्हा माणूस मशीनलाच घाबरलेला असतो.

हा शिफ्टचा रकाना का, तर झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के खाली उतरतं, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. रात्रभर जागून दिवसा तुकड्यातुकड्यात झोपलं की बऱ्याच जणांचं ते नीट उतरत नाही. समज तुझ्या वहीत नाईटच्या दिवसांची सरासरी १५०/९५ आली आणि सुट्टीच्या व सेकंडच्या दिवसांची १३८/८७. घरच्या मापाला १३५/८५ च्या वर गेलं की जास्त धरतात, म्हणजे दोन्हीकडे जास्तच आहे, पण नाईटला आणखी चढतंय हे डोळ्यांना दिसतं. याचा अर्थ गोळीचं पण बघायला लागणार आणि शिफ्टचं पण. आणि दोन्हीकडे सारखंच आलं तर मग मुकाट मान्य कर की सगळा दोष नाईटचा नाही, रोस्टर बदलून एकट्याने भागणार नाही. म्हणूनच मॅनेजरला "नाईटमुळे मला बीपी झालं" असं चुकूनही लिहू नको, ते तुला सिद्ध करता येणार नाही आणि त्याला आरोप वाटेल, मग तो मदत करायच्या ऐवजी बचाव करत बसतो.

वही डॉक्टरला दाखव, मॅनेजरला नाही. डॉक्टरला हवं वाटलं तर ते २४ तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन लावतील, त्यांना फक्त सांग की त्या दिवशी तू नक्की कुठल्या वेळी झोपला होतास, नाहीतर तुझी झोप त्यांच्या कागदावर दिवस म्हणून मोजली जाईल. आणि त्यांच्याकडून जी चिठ्ठी घ्यायची ती नेमकी माग. "रुग्णास उच्च रक्तदाब आहे, विश्रांतीची गरज" ही चिठ्ठी तुला घरी बसवेल. तुला पाहिजे ती अशी: कामासाठी फिट आहे, पण पुढचे तीन महिने सलग तीनपेक्षा जास्त नाईट नकोत, आणि तपासण्यांसाठी अमुक वेळा यावं लागेल. आधी फिट, मग मर्यादा, हा क्रम महत्त्वाचा. १५६ का १४६ हे मॅनेजरला कळायची गरजच नाही. गोळीने चक्कर किंवा झोप येत असेल तर ते पण डॉक्टरला सांग, तू मशीनवर उभा असतोस.

आता रोस्टर. तुझा रोस्टर उलटा फिरतोय, नाईटवरून सेकंड, सेकंडवरून मॉर्निंग. शरीराला उशिरा झोपणं त्यामानाने जमतं, लवकर झोपणं जड जातं, म्हणून मॉर्निंग, सेकंड, नाईट असं पुढे सरकणं बहुतेकांना सोपं पडतं. यात एकही नाईट कमी होत नाही, माणसं तेवढीच लागतात, म्हणजे मॅनेजरला द्यायला सगळ्यात सोपं हेच. दुसरं, सलग सहाच्या ऐवजी तीन. उरलेल्या तीन नाईट कोण करणार हे तूच शोधून जा. असे लोक असतात रे, कुणाला दिवसा घरी काम असतं, कुणाला नाईट अलाउन्स हवा असतो. त्याच्याशी आधी बोल, तो तुझ्या तीन नाईट घेईल तू त्याच्या तीन सेकंड घेशील. आणि हो, तुझा अलाउन्स तीन नाईटचा जाईल, तो हिशोब घरात आधीच करून ठेव, पगार झाल्यावर भांडण नको.

चेकअपला तर तुला बहुतेक सुट्टी लागणारच नाही, वाचून चमकलास ना? सेकंड दुपारी सुरू होते, म्हणजे सेकंडच्या आठवड्यात सकाळ मोकळी. अपॉइंटमेंट त्यात बसव, रक्त-लघवीची तपासणी पण त्यातच. गोळी नवीन सुरू झाली किंवा डोस वाढला की काही गोळ्यांना एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात, बीपी आटोक्यात येईपर्यंत साधारण महिन्याला एक फेरी होते, मग अंतर वाढतं. फक्त नाईट संपवून तसाच दवाखान्यात जाऊ नकोस, तारवटलेल्या डोळ्यांनी आणि पोटात चार कप चहा घेऊन आलेला आकडा बघून डॉक्टर गोळी वाढवतील. मॅनेजरकडे मागायचं एवढंच की त्या दिवशी दवाखान्यात वेळ लागला तर तासभर उशिरा आलेलं चालेल का.

मग मेल असा होतो, बघ:

"सर, माझ्यावर एका दीर्घकालीन आजाराचे उपचार चालू आहेत. मी कामासाठी फिट आहे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. पुढच्या रोस्टरपासून तीन महिन्यांसाठी दोन गोष्टी मागतोय. १) माझा क्रम मॉर्निंग, सेकंड, नाईट असा करावा. २) सलग नाईट तीनच ठेवाव्यात, उरलेल्या तीन घ्यायला माझा एक सहकारी तयार आहे, बदल्यात मी त्याच्या तीन सेकंड करीन. तपासण्या मी सेकंडच्या आठवड्यात सकाळी ठेवल्या आहेत, या तीन तारखांना गरज पडली तर एक तास उशिरा येईन आणि तो तास भरून देईन. तीन महिन्यांनी डॉक्टर काय सांगतात ते कळवतो, तेव्हा परत ठरवू."

बीपी हा शब्द लिहायचा की नाही ते तू ठरव, लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण चिठ्ठीत आजाराचं नाव असेल तर ती एचआरला दे आणि मॅनेजरला फक्त मर्यादा कळव. तोंडी "हो" आलं तर त्याच दिवशी "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे" करून दोन ओळी टाक, कारण मॅनेजर बदलतात आणि तोंडचं हो त्यांच्याबरोबर जातं. "नाही" आलं तर रुसून बसू नको, विचार की यातलं अवघड काय आहे, क्रम का तीन नाईट. निदान क्रम पदरात पाडून घे.

गोळीचं राहिलंच. सकाळी घ्यावी का रात्री यावर २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला, २१ हजारांहून जास्त माणसं, पाचेक वर्षं बघितली, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक काही निघाला नाही. म्हणजे वेळ कुठलीही धर, पण धर. तुझ्या तिन्ही शिफ्ट मांडून बघितल्या तर रात्री आठला तू प्रत्येक शिफ्टमध्ये जागा असतोस, नाईटला घरून निघायच्या आधी, सेकंडला ब्रेकमध्ये, मॉर्निंगला झोपायच्या आधी. आठचा अलार्म लाव आणि एक पट्टी डब्याच्या बॅगेत ठेव. लघवी वाढवणारी गोळी असेल तर आठ ही वेळ डॉक्टरला विचारून पक्की कर, नाहीतर मॉर्निंगच्या आठवड्यात रात्रभर उठत बसशील. डोकेदुखीला स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन-बिब्रोफेन घेत असशील तर तेही त्यांना सांग, त्याने बीपी चढतं. आणि कधी १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय, अंगाची एक बाजू ढिली पडतेय, दिसायला गडबड होतेय असं काहीही असलं, तर वही नाही, मेल नाही, शिफ्ट सोडायची आणि थेट इमर्जन्सी.

मेल कधी पाठवायचा? पुढचा रोस्टर लागायच्या आठवडाभर आधी. लागल्यावर पाठवलास तर त्याला चार जणांचं बदलावं लागतं, आधी पाठवलास तर फक्त तुझं. आणि तुझ्या त्या सहकाऱ्याला सीसीमध्ये ठेव, पण त्याला विचारून.