झेरॉक्समध्ये चार्टचे रंग एक होतात, ते आधीच कसं ओळखायचं

प्रश्न: एक्सेलमधले रंगीत स्तंभ स्क्रीनवर छान वेगळे दिसतात, पण अहवालाची ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढली की कुठला कुठला ते कळत नाही. छापायच्या आधी हे कसं तपासायचं?

उत्तर:

मी बडोद्यात छोट्या संस्थांच्या वार्षिक अहवालांची मांडणी करून देतो. हीच चूक माझ्या हातून एकदा झाली आणि भर सभेत उघडी पडली. म्हणून तोच चार्ट उदाहरणाला घेतो.

एका क्रेडिट सोसायटीच्या सहा शाखांच्या ठेवी होत्या, चार वर्षांच्या. प्रत्येक वर्षाचा एक स्तंभ आणि त्यात एकावर एक रचलेले सहा तुकडे: खालून दांडिया बाजार, रावपुरा, फतेगंज, अलकापुरी, कारेलीबाग आणि सगळ्यात वर मांजलपूर. रंग एक्सेलने आपणहून दिले तेच ठेवले. मूळ प्रत रंगीत होती, पण सभासदांना वाटायच्या दोनशे प्रती रावपुऱ्यातल्या दुकानातून झेरॉक्स करून आणल्या. सभेत एक काका उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, यात कारेलीबाग कुठलं आणि मांजलपूर कुठलं?" मी माझ्या हातातली झेरॉक्स पाहिली. मलाही सांगता येईना.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कारण लगेच कळलं. रंगातून राखाडी छटा करताना रंगाची जात निघून जाते आणि उजेड तेवढा उरतो. आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो, लाल त्याहून कमी आणि निळा सगळ्यात कमी. म्हणून रूपांतराचं नेहमीचं सूत्र लाल, हिरवा आणि निळा या घटकांना ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असं वजन देतं. उत्तर ० आलं तर काळं, २५५ आलं तर पांढरं. एक्सेलमध्ये A2 या घरात रंगाचा सहा अक्षरी कोड # न लावता लिहा आणि शेजारच्या घरात हे टाका:

```
=0.299*HEX2DEC(MID(A2,1,2))+0.587*HEX2DEC(MID(A2,3,2))+0.114*HEX2DEC(MID(A2,5,2))
```

कोड लिहिण्याआधी त्या घराचं फॉरमॅट Text करा. नाहीतर 008000 सारख्या कोडमधली पुढची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं आणि उत्तर चुकतं.

माझ्या चार्टमधले सहा रंग एक्सेल २०१६ च्या ठरलेल्या संचातले होते. सूत्रात घातल्यावर गडद निळा 4472C4 आला ११०, नारिंगी ED7D31 आला १५०, राखाडी A5A5A5 अर्थातच १६५ आणि पिवळा FFC000 आला १८९. मग फिका निळा 5B9BD5, म्हणजे कारेलीबाग, १४२.५. आणि हिरवा 70AD47, म्हणजे मांजलपूर, १४३.१. दोघांत पुरता एकाचाही फरक नाही. ते दोन तुकडे एकमेकांना चिकटून होते, त्यामुळे काकांना दोन शाखांऐवजी एकच जाड तुकडा दिसत होता. नारिंगीही त्यांच्यापासून फार लांब नाही, म्हणजे सहापैकी तीन शाखा साधारण एकाच छटेच्या होत्या.

एकदा हे सूत्र हाताशी आलं की आपले आवडते रंग किती फसवे आहेत ते कळतं. भडक लाल FF0000 येतो ७६ आणि नेहमीचा हिरवा 008000 येतो ७५. नफा हिरवा, तोटा लाल अशी जोडी झेरॉक्समध्ये एकच होते. एक्सेल आकड्यांच्या तक्त्याला लाल-पिवळा-हिरवा असा रंग चढवून देतं, तिथे तर याहून वाईट होतं. लाल टोक १४८, मधला पिवळा २२९ आणि हिरवं टोक १५५. म्हणजे सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट आकडा सारखाच करडा दिसतो आणि मधले उजळ. असा तक्ता कोणी झेरॉक्समध्ये वाचला तर तो उलटासुलटा अर्थ काढेल, आणि आपलं काही चुकतंय हे त्याला कळणारही नाही. म्हणून मला तो सहा शाखांच्या चार्टपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

आकडेमोड नको असेल तर चार्ट कॉपी करून चित्र म्हणून पेस्ट करा आणि Picture Format मध्ये Color खालचं Grayscale निवडा. चार सेकंदांत अंदाज येतो. पण इथेच थांबू नका, कारण स्क्रीनवरचा राखाडी हा सगळ्यात सौम्य परीक्षक आहे. खरी परीक्षा मशीनवर होते.

झेरॉक्स मशीनमध्ये राखाडी शाई नसते, फक्त काळा टोनर असतो. राखाडी दाखवायला ते काळे ठिपके टाकतं, गडद छटेला जास्त, फिक्या छटेला कमी. शिवाय मशीन बहुतेक वेळा अक्षरांसाठी लावलेलं असतं. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं उठून दिसावीत म्हणून ते फिकं ते पांढरं करतं आणि गडद ते काळं करतं, म्हणजे दोन्ही टोकांच्या छटा गिळून टाकतं. कागदाची पिवळसर झाक जावी म्हणूनही फिक्या छटा पुसल्या जातात. फोटोसाठीचा मोड लावला तर मधल्या छटा बऱ्याच टिकतात, पण तुमचा अहवाल पुढे कोण, कुठे, कुठल्या मोडवर काढणार हे तुमच्या हातात नसतं. म्हणून तपासणी अक्षरांच्या मोडवरच करा.

त्यासाठी मी एक पट्टी बनवून ठेवली आहे. एका ओळीत अकरा चौकोन काढा, प्रत्येकाच्या खाली आकडा लिहा: ०, २५, ५०, ७५ असं २५० पर्यंत. चौकोनात भरताना लाल, हिरवा, निळा हे तिन्ही घटक त्याच आकड्याचे ठेवा. ही पट्टी छापून नेहमीच्या दुकानात तिची झेरॉक्स काढा, मग त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. आमच्या दुकानात पहिल्याच प्रतीत ०, २५ आणि ५० हे तिन्ही सारखे काळे झाले आणि २२५ व २५० कागदात विरघळले. दुसऱ्या प्रतीत २०० सुद्धा जेमतेम उरला आणि मधल्या चौकोनांवर डाग पडल्यासारखं दिसू लागलं, कारण ठिपक्यांवर पुन्हा ठिपके पडले. तुमच्या दुकानातले आकडे वेगळे येतील. मशीनगणिक राखाडी करण्याची पद्धतही थोडी बदलते, म्हणून सूत्रातल्या पाच-सात आकड्यांच्या फरकावर कधीच विसंबू नका.

ही पट्टी पाहिल्यावर मला माझी मर्यादा कळली. वापरता येण्याजोगा पट्टा साधारण ५० ते २०० एवढाच. शेजारच्या दोन तुकड्यांत मी निदान ५० चा फरक ठेवतो. म्हणजे उघडच चारपेक्षा जास्त छटा त्यात बसत नाहीत. माझ्याकडे शाखा सहा. सगळ्या निळ्याच्या गडद ते फिक्या छटा घेतल्या असत्या तरी भागलं नसतं.

इथे मी बराच अडलो होतो. मग लक्षात आलं की सहाही छटा एकमेकींपासून वेगळ्या असण्याची गरज कोपऱ्यातल्या रंगसूचीमुळे पडते. वाचणारा रंग पाहतो, सूचीत जाऊन तो शोधतो आणि परत येतो. सूची काढून टाकली आणि शेवटच्या स्तंभाच्या उजवीकडे प्रत्येक तुकड्यासमोर शाखेचं नाव लिहिलं, तर रंग ओळखायचाच नाही. तुकडा कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो एवढंच दिसलं पाहिजे. म्हणजे फरक शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच हवा.

मग खालून वर असे रंग लावले: गडद निळा 1F3864 (५४), पिवळा FFC000 (१८९), विटकरी C55A11 (११४), फिका नारिंगी F4B183 (१९२), गडद हिरवा 375623 (७१) आणि फिका निळा 5B9BD5 (१४२.५). शेजारच्या दोघांतला सगळ्यात कमी फरक जवळपास ७२, वरच्या दोन तुकड्यांमधला. पिवळा आणि फिका नारिंगी राखाडीत जवळजवळ जुळे आहेत, पण त्यांच्यामध्ये विटकरी आहे आणि समोर नावं आहेत, त्यामुळे अडत नाही. प्रत्येक तुकड्याला बारीक काळी कडा दिली, म्हणजे फिकी छटा पुसली गेली तरी चौकट राहते. शाखांचा क्रम चारही स्तंभांत तोच ठेवला, नाहीतर उजवीकडची नावं पहिल्या स्तंभाला लागू पडणार नाहीत. एखादा तुकडा फारच बारीक असेल तर नाव त्याच्यासमोर मावत नाही, तिथे छोटी रेघ ओढून नाव बाजूला न्यावं लागतं.

तिरप्या रेघांची नक्षीही भरून पाहिली होती. एक्सेलमधली बारीक नक्षी दुसऱ्या प्रतीत सरळ राखाडी होते, म्हणून भरायचीच असेल तर मोठ्या अंतराची घ्या. एक-दोन तुकड्यांना चालते. सहाही तुकड्यांना दिली तर पान बघवत नाही.

रेषांच्या आलेखाला मात्र वरचं फारसं लागू पडत नाही. बारीक राखाडी रेषा ठिपक्यांतून छापली गेली की तुटक दिसते, आणि वाचणाऱ्याला वाटतं ती मुद्दाम तुटक काढली आहे. तिथे सगळ्या रेषा गडदच ठेवा. एक अखंड, एक लांब तुटक, एक ठिपक्यांची, आणि नाव रेषेच्या उजव्या टोकाला. तीनपेक्षा जास्त रेषा असतील आणि त्या एकमेकींना छेदत असतील, तर मी सरळ दोन आलेख करतो.

शेवटची तपासणी मी घरच्यांकडून करून घेतो, कारण आपल्याला उत्तर आधीच माहीत असतं. झेरॉक्सची झेरॉक्स आईच्या हातात देतो आणि विचारतो, "२०२२ साली फतेगंज मोठं की अलकापुरी?" ती चष्मा न शोधता, पान उजेडाकडे न धरता सांगू शकली, तर तो चार्ट छापायला जातो. नव्या रंगांच्या चार्टवर तिने लगेच फतेगंजवर बोट ठेवलं.