कव्हर लेटरमधली चाळीस माणसं

प्रश्न: पुण्यात मोठ्या कंपनीत अकरा वर्षं आहे, सध्या मॅनेजर. सांगलीतल्या एका छोट्या स्टार्टअपला अर्ज करतोय. जबाबदारी अंगावर घेतो आणि कमी साधनांत काम करू शकतो, हे कव्हर लेटरमध्ये कसं दाखवू?

उत्तर: तीन वर्षांपूर्वी मी हाच उद्योग केला. पुण्यातलं डिस्पॅच मॅनेजरचं काम सोडून बेदाण्याच्या धंद्यातल्या एका छोट्या कंपनीत, सांगलीजवळ कुपवाडला आलो. पहिलं पत्र वाया गेलं होतं. त्यात ‘चाळीस जणांची टीम सांभाळली’ असं मिरवलं होतं. मालकांचा फोन आला, "आमच्याकडं चारच माणसं हायत, त्यातला एक मी. तुम्ही आल्यावर काम कोण करणार?"

प्रश्न रास्त होता. तुमची टीम आणि बजेट वाचून छोट्या मालकाला तुमचा अनुभव कमी आणि पुढचा खर्च जास्त दिसतो. मग मी पत्र नव्यानं लिहिलं आणि मधला परिच्छेद एकाच प्रसंगाला दिला:

‘आमच्या गोदामाच्या गेटवर ट्रक सरासरी पाच तास थांबत. सॉफ्टवेअरचा प्रस्ताव मंजुरीत अडकला होता. मी तीन दिवस वही घेऊन गेटवर उभा राहिलो. माल भरून झाल्यावर बिल बनायला सुरुवात होते, हे तिथं कळलं. ट्रक आत येतानाच बिलाचं काम सुरू करायचं ठरवलं आणि १,८०० रुपयांच्या फळ्यावर गाड्यांचे नंबर लिहायला लागलो. दोन महिन्यांत थांबा अडीच तासांवर आला. रविवारच्या पाळीत फळा कोणी भरत नव्हतं, म्हणून सुरुवातीचे काही रविवार मीच जाऊन भरला.’

शेवटचं वाक्य मी आधी खोडलं होतं, कमीपणाचं वाटलं म्हणून. मुलाखतीत मालकांनी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच विचारलं.

तुमचा प्रसंग निवडताना प्रत्येक क्रियापदाला विचारा: हे मी हातानं केलं की करवून घेतलं? करवून घेतलं असेल तर तसंच लिहा, पण एक तरी गोष्ट स्वतः केलेली हवी. सापडत नसेल तर अडचण पत्राच्या भाषेची नाही. आकडे देताना कंपनीची गुपितं फोडू नका, तास आणि टक्के पुरतात. आणि ‘तिथे निर्णयच होत नाहीत’ असली तक्रार नको. उद्या यांच्याबद्दलही असंच लिहाल, असं वाचणाऱ्याला वाटतं.

पगाराचं मौन ठेवू नका. तुमचा आजचा आकडा परवडणार नाही हे गृहीत धरून कित्येक मालक फोनच करत नाहीत. मी शेवटी एवढंच लिहिलं होतं: ‘पगार कमी होईल याचा घरी हिशेब झाला आहे. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, तो कमी करून घेण्याचा प्रयत्न करेन.’ घरी हिशेब खरंच झाला असेल तरच हे लिहा. बायकोला मी पत्र पाठवल्यावर सांगितलं होतं, त्याची किंमत वेगळी मोजली.

सगळं एका पानात बसवा. मालक ते बहुधा सौद्याच्या गडबडीत, मोबाईलवर वाचणार आहेत.