महिनाभराच्या चॅटमधून डॉक्टरांसाठी चार प्रश्न

"आईच्या दुखण्यावर आम्हा भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर चर्चा चाललीय. पायावर सूज, चक्कर, गुडघे, सगळंच. सोमवारी लातूरला दाखवायचंय. यातून विचारायचं काय?"

चॅट एकदाच वाचा, पण वही घेऊन. डावीकडे तारीख, मधे आईला प्रत्यक्ष काय झालं, उजवीकडे त्या दिवसांत काय बदललं: गोळी, डोस, उपास, सोयाबीनची काढणी. अंदाज आणि फॉरवर्ड उतरवू नका. कुणीतरी मंगळवारी "किडनीचं असेल" लिहितं आणि शुक्रवारपर्यंत त्याचं "किडनीमुळे सूज आहे" झालेलं असतं. डॉक्टरांपुढे तेच गेलं, तर बोलणं भलतीकडेच जातं.

मेसेज मोजू नका, प्रसंग मोजा. एका चक्करेवर तिघांचे मिळून पंधरा मेसेज असतील, पण चक्कर एकदाच आलेली असते.

खरं काम उजव्या रकान्यात आहे. समजा, ४ तारखेला कुणी लिहिलंय, "बीपीची गोळी बदलली, आता अ‍ॅम्लोडिपिन", आणि १२ तारखेला, "आईच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचे वळ उठतात". मधे दोनशे मेसेज, म्हणून जोड कुणाच्या लक्षात येत नाही. या गोळीनं दोन्ही घोट्यांवर सूज येणं नेहमीचं आहे. तरीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका, विचारा.

चॅटमध्ये नसलेलं एक आईलाच विचारून घ्या: गुडघ्यासाठी मेडिकलमधून काय आणते? दुकानातून आणलेली गोळी बऱ्याच जणी औषधात धरतच नाहीत. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

मग कागदावर एवढंच उरतं:

१. अ‍ॅम्लोडिपिन सुरू होऊन आठ दिवसांनी दोन्ही घोटे सुजले, संध्याकाळी जास्त. गोळीमुळे असेल का, की आणखी काही तपासावं लागेल?

२. महिन्यात तीनदा चक्कर आली, तिन्ही वेळा अंथरुणातून उठताना. बसून आणि उभं राहून बीपी मोजाल का?

३. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आठवड्यातून चारदा घेते. बीपी आणि किडनीच्या दृष्टीनं चालेल का? नाही तर काय घ्यावं?

४. पुढच्या तारखेपर्यंत काय दिसलं तर लगेच यायचं?

ओपीडीत गर्दी असली की दोनच प्रश्न होतात, म्हणून हाच क्रम ठेवा. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं बसवून बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर तिन्ही आकडे दुसऱ्या प्रश्नाखाली लिहा. उभं असताना आईला धरायला कुणीतरी जवळ हवं.

एकाच पायाला सूज येऊन तो दुखत असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा तोंड वाकडं झालं, तर कागद राहू द्या, सोमवारची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.